कापडी गाळणीला पुन्हा पुन्हा येणारा खवट वास: कागद, जाळी आणि कापड शेजारी ठेवून कारणाचा शोध

अडचण अशी आहे. नवी कापडी गाळणी आणली की आठ-दहा दिवस कॉफी उत्तम लागते. ती गोडसर असते, जिभेवर मऊ असते आणि घशाखाली उतरल्यावर तोंडात काही चिकटून राहत नाही. मग एके सकाळी पेल्यातून जुन्या खोबऱ्यासारखा वास येतो. गाळणी उकळून घेतली की दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी वास परत येतो. शेवटी गाळणी टाकून नवी आणावी लागते आणि तिचेही तेच होते. जळगावात गेल्या मार्च ते मे या काळात माझ्या तीन गाळण्या अशा वाया गेल्या. धुळे आणि भुसावळ येथील दोन परिचितांकडेही नेमके हेच घडत असल्याचे कळल्यावर मी कारण पद्धतशीरपणे शोधायचे ठरवले. जे सापडले ते येथे क्रमाने मांडतो.

आधी वासाचे नाव ठरवावे

कॉफीची चव बिघडली एवढेच म्हटल्याने कारण सापडत नाही. आपल्या भाषेत बिघडलेल्या वासांना वेगवेगळी नावे आहेत आणि या कामात ती फार उपयोगी पडतात. खवट वास जुन्या तेलाचा, शेंगदाण्याचा किंवा खोबऱ्याचा असतो. कुबट वास पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्याचा असतो. आंबूस वास ओले फडके रात्रभर चुरगळून पडल्यावर येतो. कागदी वास नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा असतो आणि साबणाचा वास कुणालाही ओळखता येतो. यांतील प्रत्येकाचा उगम वेगळा आहे. खवटपणा तेल हवेने बिघडल्यामुळे येतो. कुबट व आंबूस वास ओलाव्यात वाढणाऱ्या जिवाणूंमुळे किंवा बुरशीमुळे येतात. कागदी वास कागद नीट न धुतल्याने येतो. माझ्याकडे वास खवट होता, परंतु मी उपाय मात्र कुबट वासावरचे करत होतो. दोन महिने वाया गेले ते या गफलतीमुळे.

कोऱ्या पाण्याची चाचणी

वास गाळणीचा आहे की कॉफीचा, हे ठरवण्यासाठी कॉफी बाजूला ठेवावी. कॉफीसाठी जे पाणी वापरतो तेच पाणी उकळी येऊन अर्धा मिनिट झाल्यावर घ्यावे. गाळणी तिच्या जागी बसवून तिच्यातून २०० मिलिलिटर पाणी हळू ओतावे आणि ते काचेच्या गरम केलेल्या पेल्यात धरावे. तेवढेच पाणी न गाळता दुसऱ्या पेल्यात घ्यावे. दोन्हींवर बशी झाकून एक मिनिट थांबावे, मग बशी उचलताक्षणी वास घ्यावा. पाणी कोमट झाल्यावर एकेक घोट चाखावा, कारण फार गरम पाण्यात जिभेला बारीक फरक कळत नाही. न गाळलेले पाणी शेजारी असणे आवश्यक आहे. आपल्या बोअरच्या पाण्याला स्वतःची एक चव असते आणि ती गाळणीच्या नावावर जमा होऊ शकते.

ही चाचणी मी त्याच दिवशी तिन्ही गाळण्यांवर केली. पांढऱ्या कागदातून गाळलेले पहिले पाणी किंचित कागदी होते आणि दुसरे पाणी न गाळलेल्या पाण्यापेक्षा वेगळे ओळखता आले नाही. स्टीलच्या शंकूच्या आकाराच्या जाळीतून आलेल्या पाण्याला अगदी हलका खवट वास होता. तो कुठून आला ते पुढे सांगतो. कापडातून आलेल्या पाण्याची बशी उचलताच मात्र खोबऱ्याचा जुना डबा उघडल्यासारखे झाले. पाण्यात कॉफीचा कणही नव्हता, त्यामुळे दोष कापडातच आहे हे ठरले.

यानंतर बियांवरचा संशयही दूर करावा लागला, कारण मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघराचे तापमान ४० अंशांच्या आसपास असते आणि एवढ्या उष्णतेत उघड्या बरणीतील भाजलेल्या बिया खरोखरच लवकर खवट होतात. त्याच बिया, त्याच दळणीत दळून कागदातून गाळल्या. कॉफी स्वच्छ लागली. येथे एक सावधगिरी हवी. कागद तेल अडवतो, त्यामुळे थोडासा खवटपणा तो झाकूही शकतो. म्हणून कोरडी पूड हातावर चोळून तिचा वास घ्यावा. पुडीला वास नसेल, कागदातील कॉफी चांगली असेल आणि कापडातील कोरे पाणी वास देत असेल, तर बिया आणि दळणी दोन्ही निर्दोष आहेत. याउलट कागदातूनही खवट कॉफी येत असेल, तर गाळणी बदलण्यात अर्थ नाही. अशा वेळी दळणीच्या पात्यांना चिकटलेली जुनी पूड, थर्मासचे झाकण किंवा स्वतः बिया तपासाव्यात.

तेल कुठे जाते

अरॅबिका जातीच्या बियांत वजनाच्या सुमारे १५ टक्के आणि रोबस्टात सुमारे १० टक्के स्निग्ध पदार्थ असतात. म्हणजे १५ ग्रॅम अरॅबिका पुडीत दोन ग्रॅमच्या आसपास तेल असते. त्यातील बहुतेक सर्व चोथ्यातच राहते, कारण तेल पाण्यात विरघळत नाही. जे थोडे बाहेर पडते ते सूक्ष्म थेंबांच्या रूपात किंवा अतिबारीक पुडीच्या कणांना चिकटून पाण्याबरोबर खाली येते. गाळणीचा खरा संबंध या थोड्या तेलाशी आणि या बारीक कणांशी आहे.

कागदाच्या तंतूंचे जाळे इतके दाट असते की बारीक कण त्यात अडकतात आणि कणांबरोबर तेलही अडकते. कागद आपण टाकून देतो, त्यामुळे ते तेल घराबाहेर जाते. धातूच्या जाळीची छिद्रे त्या मानाने फार मोठी असतात. बारीक कण आणि तेल दोन्ही पेल्यात उतरतात आणि आपण ते पितो. कापड या दोहोंच्या मधले आहे. ते बारीक कण जवळजवळ कागदाइतके अडवते, तेलाचा काही भाग पेल्यात जाऊ देते आणि उरलेला भाग स्वतःच्या धाग्यांत धरून ठेवते. हे धरून ठेवलेले तेल कुठेही जात नाही. उद्याची कॉफी त्याच्यावर आणखी थर चढवते. कापडी गाळणीतील कॉफी मऊ आणि तरीही नितळ लागते ती याच गुणामुळे, आणि तिचा दोषही येथूनच जन्म घेतो.

पेल्यात हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. १५ ग्रॅम पूड आणि २४० ग्रॅम पाणी हे प्रमाण तिन्हींना सारखे ठेवून मी तीन काचेचे पेले भरले आणि अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावला. कागदातील कॉफीतून लालसर, स्वच्छ प्रकाश पलीकडे गेला. कापडातील कॉफीत प्रकाश किंचित धुरकट झाला. जाळीच्या कॉफीत तो आत शिरल्याबरोबर पसरला आणि पलीकडे गढूळ तपकिरी रंगाशिवाय काही दिसले नाही. मग पेला डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरून पृष्ठभाग पाहिला. जाळीच्या कॉफीवर तेलाची चकाकणारी बेटे तरंगत होती, कापडाच्या कॉफीवर कडेला एखादा बारीक ठिपका होता आणि कागदाच्या कॉफीवर काही नव्हते. दोन तास तसेच ठेवल्यावर जाळीच्या पेल्याच्या तळाशी नदीच्या पुरानंतर राहतो तसा मऊ गाळ बसला होता.

चवीतही हाच क्रम लागला. कागदातील कॉफीत आंबटगोड फळासारखी चव वेगळी ओळखता येत होती, पण तोंडात ती हलकी होती. जाळीची कॉफी जड आणि भरलेली लागत होती, परंतु तिच्यातील बारीक कण पेल्यातही आपला अर्क सोडत राहतात, म्हणून शेवटचे दोन घोट कडवट आणि मातकट झाले. कापडाची कॉफी, गाळणी नवी असताना, मला या तिघांत सर्वात आवडते. म्हणूनच तिचा नाद सोडून देण्याऐवजी तिचा दोष शोधण्यात एवढा वेळ घालवला.

ज्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळण्यास सांगितले आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद तो बहुतांशी अडवतो. जाळीतून किंवा नुसत्या उकळलेल्या कॉफीतून तो पेल्यात येतो. रोज चार-पाच पेले पिणाऱ्यांसाठी हा फरक चवीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

एकाच ताग्याच्या तीन गाळण्या

दोष कापडात आहे आणि तो तेलाचा आहे, एवढे कळल्यावरही एक प्रश्न उरला. मी गाळणी रोज धूत होतो, मग तेल बिघडत कसे होते? माझी रीत अशी होती. कॉफी झाली की चोथा झटकायचा, भांड्यांच्या वडीने गाळणी घासायची, नळाच्या पाण्यात खळबळून घ्यायची आणि गच्चीवरच्या दोरीवर कडक उन्हात टाकायची. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे पापड, कुरडया, मिरच्या आणि वर्षाचा मसाला वाळवण्याचा काळ. आई तर म्हणतेच, "कापड आहे, उन्हात टाक, ऊन सगळं शुद्ध करतं." मला यात चूक काही दिसली नव्हती.

शहानिशा करण्यासाठी बाजारातून अर्धा मीटर सुती फ्लॅनेल आणले आणि ओळखीच्या शिंपीकाकांकडून त्याच तुकड्यातून सारख्या मापाच्या तीन गाळण्या शिवून घेतल्या. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून तिन्ही एकत्र दोन वेळा पाणी बदलून उकळल्या. त्यानंतर दहा दिवस प्रत्येकीतून रोज एकदा तीच कॉफी, त्याच प्रमाणात गाळली. फरक फक्त नंतरच्या व्यवहारात ठेवला. पहिली गाळणी माझ्या जुन्या रीतीने वडीने घासून उन्हात वाळवली. दुसरी साबण न लावता गरम पाण्याने धुऊन घरात सावलीत, पंख्याखाली वाळवली. तिसरी तशाच गरम पाण्याने धुऊन, ओलीच, पिण्याच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीत बुडवून फ्रीजमध्ये ठेवली आणि बरणीतील पाणी रोज बदलले.

कोऱ्या पाण्याची चाचणी रोज सकाळी केली. पहिल्या गाळणीच्या पाण्याला तिसऱ्या दिवसापासून वडीच्या सुगंधाचा पुसट वास येऊ लागला आणि सातव्या दिवशी खवटपणा स्पष्ट झाला. दुसरी नवव्या दिवशी खवट झाली. तिसरीला दहाव्या दिवशीही वास नव्हता. कापड, कॉफी आणि पाणी एकच होते, त्यामुळे निकालाबाबत माझ्या मनात शंका राहिली नाही. हा एका घरातील एकच प्रयोग आहे, हे मान्य आहे. दिवसांचा आकडा तुमच्याकडे वेगळा येईल, क्रम मात्र बदलू नये.

ऊन येथे उलटे का वागते

ऊन ओलावा घालवते आणि कुबट वास आणणाऱ्या जिवाणूंना मारते. ज्या कापडात तेल नाही त्याच्यासाठी ते उत्तम आहे. परंतु कॉफीच्या तेलात हवेतील प्राणवायूशी लवकर संयोग पावणारी स्निग्धाम्ले मोठ्या प्रमाणात असतात आणि त्या संयोगातूनच खवट वासाचे पदार्थ तयार होतात. बरणीतील तेलाला फक्त वरच्या पृष्ठभागावर हवा लागते. फ्लॅनेलच्या हजारो बारीक तंतूंवर पसरलेल्या त्याच तेलाच्या थेंबाला सगळीकडून हवा लागते. त्यात उष्णता आणि प्रखर प्रकाश यांची भर पडली की क्रिया आणखी वेगाने होते. देव्हाऱ्याजवळचे तेलकट फडके काही दिवसांनी कसा वास मारते ते आठवावे. गाळणी म्हणजे तसेच एक तेलकट फडके आहे, केवळ तिच्यावरचे तेल डोळ्यांना दिसत नाही.

वास हळूहळू न वाढता एके दिवशी अचानक का येतो, याचेही उत्तर या क्रियेत आहे. तेल बिघडण्याची क्रिया साखळीसारखी चालते. सुरुवातीला ती संथ असते, मग बिघडलेले अंशच पुढच्या अंशांना बिघडवू लागतात आणि वेग वाढतो. म्हणूनच आधीच खवट झालेल्या गाळणीला एकदा उकळून काढले तरी धाग्यांत थोडे बिघडलेले तेल उरते आणि नव्या कॉफीचे तेल त्याच्या संगतीने दोन दिवसांत खवट होते. माझे "दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच" हे कोडे येथे सुटले. पाण्यात बुडवून थंड ठेवल्याने हवा आणि उष्णता दोन्ही तुटतात, त्यामुळे तिसरी गाळणी टिकली.

भांड्यांच्या वडीने दुहेरी नुकसान केले. सुती धागा सुगंध धरून ठेवतो, हे एक. दुसरे आपल्या पाण्याशी संबंधित आहे. खानदेशात अनेक घरी धुण्याचे पाणी बोअरचे आणि जड असते. साबण अशा पाण्यातील कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा चिकट थर तयार करतो. बादलीच्या कडेला जी राखाडी साय बसते ती हीच. ती कापडात बसली की छिद्रे बुजतात आणि तेल तिच्यात अधिकच अडकते. पहिल्या गाळणीतून २४० ग्रॅम पाणी उतरायला सुरुवातीला पावणेतीन मिनिटे लागत होती, दहाव्या दिवशी जवळजवळ चार मिनिटे लागली. गाळणी सावकाश होत असेल तर पूड जाड करून उपयोग होत नाही. ते कापड बुजल्याचे लक्षण आहे.

आता पाळत असलेली रीत

कॉफी उतरल्याबरोबर, म्हणजे ती पिण्यापूर्वीच, चोथा टाकून गाळणी उलटी करावी आणि गरम पाण्याच्या धारेखाली दोन्ही बाजूंनी धुवावी. कापडातून निथळणारे पाणी रंगहीन दिसेपर्यंत धुणे चालू ठेवावे. याला साधारण एक मिनिट लागतो. कापड पिळू नये, तळहातांमध्ये दाबावे, कारण पिळल्याने विण सैल होते आणि पुढे बारीक कण सुटू लागतात. मग झाकणाच्या काचेच्या बरणीत पूर्ण बुडवून फ्रीजमध्ये ठेवावे. प्लास्टिकचा डबा टाळावा, कारण त्यात आधीच्या लोणच्याचा किंवा मसाल्याचा वास मुरलेला असतो. बरणीतले पाणी रोज बदलावे. सकाळी गाळणी बाहेर काढून गरम पाणी ओतून दाबावी, म्हणजे ती गरमही होते आणि बरणीचे पाणीही निघून जाते.

आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात पाच मिनिटे उकळावी. महिन्यातून एकदा अर्धा लिटर गरम पाण्यात एक छोटा चमचा सोडियम परकार्बोनेट टाकून त्यात वीस मिनिटे भिजवावी. हे पांढरे चूर्ण कपड्यांचे डाग काढण्यासाठी मिळते. घेताना त्यात सुगंध किंवा इतर धुण्याची पावडर मिसळलेली नाही, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. त्यानंतर दोन वेळा साध्या पाण्यात उकळून कोऱ्या पाण्याची चाचणी करावी. घरातील क्लोरीनयुक्त ब्लीच वापरू नये, तो वास सुती कापडातून सहजी जात नाही. गाळणीचा रंग तपकिरी होणे हा दोष नाही. पांढरी करण्याच्या नादात तिला रोज घासले तर ती लवकर विरते.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे उन्हाळ्यात असतोच. फ्रीज पाच-सहा तास बंद राहिला तर बरणीतील पाणी लगेच बदलावे. बाहेर ठेवलेल्या बरणीतील पाणी मे महिन्यात एका दिवसात बुळबुळीत होते आणि मग वास खवट नव्हे तर आंबूस येतो. अशा वेळी गाळणी दहा मिनिटे उकळली की ती बहुधा वाचते, कारण जिवाणू उकळल्याने मरतात. खवट तेलाचे तसे नाही. परकार्बोनेटनंतरही कोऱ्या पाण्याला खवट वास राहिला तर गाळणी टाकून द्यावी. गावाला जायचे असल्यास धुतलेली गाळणी दाबून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी.

तुमच्या कापडाचा प्रकारही तपासावा. मलमलची विण विरळ असते, तिच्यातून बारीक कण खाली येतात आणि कॉफी जाळीसारखी गढूळ होते. फ्लॅनेल एका बाजूने लवदार असते. लव आत ठेवावी की बाहेर, याबद्दल दोन मते आहेत. मी ती बाहेर ठेवतो, कारण आतली बाजू सपाट असली की चोथा सहज सुटतो.

जाळीचा हलका खवटपणा

कोऱ्या पाण्याच्या चाचणीत जाळीलाही वास आला होता, ते येथे पूर्ण करतो. जाळीच्या सपाट भागावर तेल टिकत नाही, पण जेथे जाळी कडीला जोडलेली असते त्या घडीत ते साचते. जाळी उजेडाकडे धरून पाहिली तर बुजलेली छिद्रे काळसर पट्ट्यांसारखी दिसतात. यात दोन थर एकावर एक असतात, तेलाचा आणि पाण्यातील क्षाराचा, आणि ते काढण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तेल काढावे. गरम पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा टाकून जाळी अर्धा तास बुडवावी, मऊ ब्रशने घडी घासावी आणि भरपूर पाण्याने धुवावी. त्यानंतर वेगळ्या पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व टाकून वीस मिनिटे ठेवावी, म्हणजे क्षार सुटतो. लिंबूसत्त्व आधी वापरले तर तेलाच्या थराखालचा क्षार तसाच राहतो, आणि दोन्ही एकत्र टाकले तर आम्ल व सोडा एकमेकांना निकामी करतात. दक्षिणी पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरलाही हाच उपाय लागू पडतो. तेथे चिकोरी असल्याने चिकटपणा अधिक असतो, परंतु तो गरम पाण्याने जातो. खवटपणा असेल तर तो कॉफीच्याच तेलाचा समजावा.

सोडा अॅल्युमिनियमच्या गाळणीला लावू नये, तो धातूला खातो.

कागदाच्या बाबतीत

कागदाला खवट वास येत नाही, कारण तो एकदाच वापरला जातो. त्याची कागदी चव २०० मिलिलिटर गरम पाण्याने धुतल्यावर पांढऱ्या कागदात जवळजवळ जाते. तपकिरी कागदाला तेवढेच पाणी आणखी एकदा लागते. धुतलेले पाणी खालच्या भांड्यातून ओतून टाकायला विसरू नये. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त घरी होते आणि मग दोष कागदाला दिला जातो. आपल्याकडे हे कागद प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून आपण शंभराचा गठ्ठा एकदम मागवतो आणि तो सहा महिने फडताळात राहतो. शेजारी काळ्या मसाल्याचा डबा असेल तर कागद तो वास शोषून घेतो आणि पावसाळ्यात ओलही धरतो. भुसावळच्या परिचितांच्या कागदातून गाळलेल्या कॉफीला येणारा "विचित्र तिखट वास" हाच निघाला. गठ्ठा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात हलवल्यावर तो थांबला.

कागदी गाळणी १९०८ साली ड्रेस्डेन येथे मेलिटा बेंट्झ यांनी पुढे आणली. छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात त्यांनी मुलाच्या वहीतील टीपकागद घातला होता. गाळणी रोज टाकून देता आली की जुन्या तेलाचा प्रश्न उरत नाही, हे कागदाचे बलस्थान आहे.

म्हणून माझे मत असे आहे की जे आठवड्यातून दोन-तीन वेळाच कॉफी करतात त्यांनी कापडाच्या फंदात पडू नये, कागद वापरावा. कापडाला रोजचा वापर आणि रोजचे पाणी लागते. चार दिवस न बदललेल्या पाण्यातील गाळणी कोणत्याही रीतीने चांगली कॉफी देत नाही. दूध घालून पिणाऱ्यांना कागद आणि कापड यांतील फरक फारसा जाणवणार नाही. त्यांच्यासाठी धातूचा फिल्टरच सोयीचा, कारण दुधातील स्निग्धांशापुढे कॉफीचे तेल लपून जाते आणि गाळही तळाशी राहतो.

माझी तिसरी गाळणी साठाव्या वापरानंतर बदलली. खवटपणामुळे नव्हे, तर तळाच्या शिवणीजवळ कापड विरून तेथून बारीक कण सुटू लागले होते आणि टॉर्चच्या उजेडात कॉफी जाळीइतकीच गढूळ दिसत होती. त्या दिवशीही तिच्या कोऱ्या पाण्याला वास नव्हता.